२९९ स्वस्त की १,९९९? आईच्या रिचार्जचा हिशोब

आईचा फोन दर अठ्ठावीस दिवसांनी येतो आणि बोलणं ठरलेलं असतं: "अरे, मेसेज आलाय, संपतंय म्हणे. ते दोनशे नव्व्याण्णवचंच मार." मी मारतो. जूनमध्ये सुट्टीत घरी होतो, तेव्हा मात्र कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याने विचारलं, "काकूंना वर्षाचं का नाही टाकत? एकोणीसशे नव्व्याण्णव, चोवीस जीबी, कॉल अनलिमिटेड." आईने लगेच मान हलवली. "दोन हजार एकदम? आणि चोवीसच जीबी? आत्ता मला रोज दीड मिळतो!"

आईचं म्हणणं ऐकायला अगदी बरोबर वाटतं. एकीकडे २९९ रुपये, २८ दिवस, रोज दीड जीबी. दुसरीकडे १,९९९ रुपये, ३६५ दिवस, सगळ्या वर्षाला मिळून २४ जीबी. कॉल दोन्हीकडे अनलिमिटेड. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर अशा प्लॅनच्या किमती साधारण याच घरात आल्या. तुमच्या कंपनीचा आकडा इकडचा तिकडचा असेल तर तो घाला, रीत बदलत नाही.

पहिला घोळ दिवसांचा आहे. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षात २८ दिवसांचे तेरा तुकडे बसतात आणि वर एक दिवस उरतो. म्हणजे 'महिन्याला २९९' म्हणणारा माणूस वर्षात बारा नाही, तेरा वेळा पैसे भरतो. म्हणून कुठलाही प्लॅन समोर आला की आधी किमतीला दिवसांनी भागायचं, म्हणजे एका दिवसाचा दर निघतो. त्याला ३६५ ने गुणायचं आणि १२ ने भागायचं. २९९ भागिले २८ म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे, वर्षाला सुमारे ३,८९८ रुपये, महिन्याला ३२५. एकोणीसशे नव्व्याण्णवला नुसतं बाराने भागलं तरी चालतं: १६७ रुपये. रिचार्ज एखाद्या पेमेंट ॲपवरून करत असाल आणि ते दरवेळी रुपया-दोन रुपये फी लावत असेल, तर तीही तेरा वेळा जाते. प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, त्यामुळे इथे वेगळा मिळवायचा नाही. पोस्टपेडशी तुलना करायची वेळ आली तर मात्र तिथल्या छापील भाड्यावर १८ टक्के चढतात हे लक्षात ठेवा.

अठ्ठावीसची ही गोष्ट दूरसंचार नियामक ट्रायच्याही ध्यानात आली होती. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा आणि एक प्लॅन दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवलाच पाहिजे. असे प्लॅन असतातही, पण ॲपच्या पहिल्या पानावर क्वचित दिसतात, खाली सरकत जावं लागतं. आणि लांब मुदतीच्या प्लॅनमध्येही अठ्ठावीसचं भूत असतं. ३३६ दिवस हा आकडा दिसला की समजा, बारा वेळा अठ्ठावीस. समजा ३३६ दिवसांचा प्लॅन १,८९९ ला आहे आणि ३६५ दिवसांचा १,९९९ ला. शंभर रुपये वाचल्याचा आनंद होतो, पण पहिला महिन्याला १७२ रुपयांना पडतो आणि दुसरा १६७ ला. स्वस्त दिसणारा महाग.

आता आईचा दुसरा मुद्दा: तिकडे चोवीसच जीबी.

इथे लोक जीबीला किंमत किती पडली हे काढतात आणि तिथेच फसतात. दीड जीबी रोज म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी, म्हणजे जीबीला जेमतेम सात रुपये. वर्षाच्या प्लॅनमध्ये १,९९९ भागिले २४, म्हणजे जीबीला त्र्याऐंशी रुपये. बारा पट महाग! मोबाईलवाल्याला हे सांगितलं तर तोही गप्प बसेल. पण रोजच्या दीड जीबीतला जो भाग तुम्ही वापरला नाही, तो रात्री बाराला जातो. उद्याच्या खात्यात येत नाही. काही प्लॅनमध्ये आठवडाभराचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देतात, पण तो अपवाद. म्हणजे बेचाळीस जीबी ही तुम्हाला मिळालेली वस्तू नव्हे, ती रोज मांडलेली पंगत आहे. जेवलात तेवढं तुमचं.

मग आई जेवते किती, हे बघायला हवं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डेटा युसेज' नावाचं पान असतं. तिथे मोबाईल डेटा आणि वायफाय वेगवेगळे दिसतात. आपल्याला फक्त मोबाईल डेटा हवा. वरच्या तारखेवर बोट ठेवलं की मागचे काही महिनेही बघता येतात. आयफोनवर 'करंट पिरियड' लिहिलेलं असतं, तो आकडा आपोआप शून्य होत नाही. एक तारखेला हाताने रीसेट केला तरच महिन्याचा हिशोब कळतो, नाहीतर दोन वर्षांचा डेटा एका महिन्याचा समजून माणूस घाबरतो. फोनवरून दुसऱ्याला हॉटस्पॉट दिला असेल तर तोही आपल्याच खात्यात चढतो.

आईच्या फोनवर दिसलं ते असं: फेब्रुवारीत १.१ जीबी, मार्चमध्ये १.६, एप्रिलमध्ये १.५. घरात वायफाय आहे, त्यामुळे बाहेर भाजी आणताना यूपीआय, देवळात काढलेले फोटो आणि रिक्षात बसून पाहिलेला एखादा कीर्तनाचा व्हिडिओ, एवढंच मोबाईल डेटावर चालतं. म्हणजे बेचाळीसपैकी चाळीस जीबीवर ती दर महिन्याला पाणी सोडत होती. तिने खरोखर वापरलेल्या जीबीचा भाव काढला तर ३२५ भागिले १.४, म्हणजे दोनशे तीस रुपयांच्या वर. सात रुपयांचा जीबी असा बदलतो.

पण मग मे महिना आला: १७.८ जीबी.

मेमध्ये आई वीस दिवस गावी होती, राजापूरकडे. तिथे वायफाय नाही, आणि नातवंडांना हातात फोन दिल्याशिवाय ती दुपारी झोपत नाहीत. सरासरी काढून मोकळं होणाऱ्याला हा महिना गाठतो. तीन महिन्यांवरून वर्षाला सतरा जीबी हिशोब निघाला असता आणि चोवीस पुरेल असं वाटलं असतं. पुरलं नसतं. गणपतीतही आठवडाभर गावी जायचं असतंच. त्याचे आणखी सहा जीबी धरले. म्हणजे साधे दहा महिने, महिन्याला १.४, झाले १४. मेचे १८. गणपतीच्या महिन्याचे नेहमीचे १.४ आणि वरचे सहा. एकूण चाळीसच्या जवळ. वर्षाच्या प्लॅनमध्ये सोळा जीबी कमी पडतात.

कमी पडलेला डेटा वरून घ्यायचा. डेटा पॅक बऱ्याच प्रकारचे असतात. आपण असं धरू, की १२ जीबीचा ३० दिवसांचा पॅक १६० रुपयांना मिळतो. एक मेसाठी, एक गणपतीसाठी, ३२० रुपये. १,९९९ मध्ये ते मिळवले की २,३१९, म्हणजे महिन्याला १९३ रुपये. अजूनही ३२५ पेक्षा शंभरावर कमी. वर्षाला पंधराशे ऐंशीच्या आसपास फरक.

मग हा फरक कधी मिटतो? हा प्रश्न विचारल्याशिवाय तुलना अर्धवट राहते, म्हणून तोही काढला. वर्षाचे ३,८९८ आणि १,९९९ यांत १,८९९ रुपयांचं अंतर आहे. १६० च्या भावाने त्यात अकरा पॅक बसतात, बारावा घेतला की वर्षाचा प्लॅन महाग पडतो. अकरा पॅक म्हणजे १३२ जीबी, अधिक मूळचे २४, झाले १५६. वर्षाला १५६ जीबी म्हणजे महिन्याला १३. तेव्हा या दोन प्लॅनमधली सीमारेषा महिन्याला सुमारे तेरा जीबी. मोबाईल डेटाचा खरा वापर त्याच्या खाली असेल तर वर्षाचा, वर असेल तर रोजच्या कोट्याचा. हा तेराचा आकडा या किमतींपुरता आहे, डेटा पॅक महाग झाला की खाली येतो. पण काढायला पाच मिनिटं लागतात आणि त्यावर एका घरातली भांडणं मिटतात.

आता किमतीत न दिसणाऱ्या अटी. सगळ्या सांगत नाही, आईच्या निर्णयात ज्या आडव्या आल्या त्याच सांगतो.

पहिली, कोटा संपल्यावर काय होतं ही. रोजच्या कोट्याच्या प्लॅनमध्ये दीड जीबी संपला की नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. केबीपीएस म्हणजे किलोबिट. किलोबाइट करायला आठने भागायचं, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटांच्या वर लागतात. ओळखायचं कसं? व्हॉट्सॲपवर अक्षरं जातात आणि येतात, पण फोटोवरचं चक्र फिरतच राहतं. यूपीआयचं पान उघडता उघडता 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतं. गावी संध्याकाळी सहाला हे सुरू झालं की घरचे टॉवरला शिव्या देतात, आणि रात्री बारा वाजून एक मिनिटाने टॉवर आपोआप सुधारतो! असं वेळेवर सुधारत असेल तर तो कोटा आहे, रेंज नव्हे.

एकरकमी कोट्याच्या प्लॅनमध्ये गोष्ट वेगळी. तिथे रोजची मर्यादा नाही, एकाच दिवशी पाच जीबी वापरले तरी चालतात. लग्नाच्या घरात किंवा दवाखान्यात बसलं असताना ही मोठी सोय आहे. पण चोवीस संपले की हळू नेट मिळेलच असं नाही. अटींमध्ये 'कोटा संपल्यावर ५० पैसे प्रति एमबी' असं काही लिहिलं आहे का ते वाचा. या भावाने एक जीबी पाचशे रुपयांच्या वर जातो. बहुतेकांच्या खात्यात मुख्य बॅलन्स शून्य असतो, त्यामुळे पैसे कापले जात नाहीत, नेट सरळ थांबतं. पण कुणी हौसेने शंभरचा टॉपअप टाकून ठेवला असेल तर तो दुपारच्या एका व्हिडिओत जातो. आईच्या खात्यात आम्ही टॉपअप ठेवत नाही, त्याचं कारण हेच.

दुसरी अट डेटा पॅकच्या मुदतीची. इथे मी स्वतः आपटलो आहे. एकदा रात्री साडेदहाला कोटा संपला, घाईत 'एक जीबी, वैधता १ दिवस' असा पॅक घेतला. मला वाटलं, उद्या साडेदहापर्यंत. कंपनीच्या लेखी एक दिवस म्हणजे आजची तारीख. बाराच्या ठोक्याला पॅक गेला, आणि त्याच क्षणाला माझा रोजचा कोटा ताजा झाला, म्हणजे पॅकची गरजही संपली. दीड तासासाठी पैसे मोजले. तेव्हापासून पॅक घेताना तीन गोष्टी बघतो: तो तारखेपुरता आहे, ठरावीक दिवसांचा आहे, की मूळ प्लॅन संपेपर्यंतचा आहे. आणि मूळ प्लॅन बंद पडलेला असेल तर नुसता डेटा पॅक चालत नाही, ही चौथी. ३० दिवसांचा पॅक गावी निघायच्या दिवशी घ्यायचा, आठ दिवस आधी 'राहू दे हाताशी' म्हणून नाही.

५जीबद्दल मोबाईलवाल्याने बरंच सांगितलं. जुलै २०२४ मध्ये दर वाढवताना जिओ आणि एअरटेल दोघांनीही अमर्याद ५जी रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतं ठेवलं. आपल्या दोन्ही प्लॅनमध्ये ते धरायचं नाही. फोनवर ५जीची खूण दिसली तरी डेटा कोट्यातूनच जातो, आणि वेग जास्त म्हणून व्हिडिओ आपोआप जास्त चांगल्या दर्जाचा लागतो, म्हणजे कोटा लवकर संपतो. आईचा फोन ४जी आहे, विषय संपला.

एसएमएसची मर्यादा कुणी वाचत नाही. २८ दिवसांच्या प्लॅनमध्ये रोज शंभर, वर्षाच्या प्लॅनमध्ये पूर्ण वर्षाला ३,६००. आई वर्षात दहाही पाठवत नाही. येणारा ओटीपी मोजला जात नाही. फक्त नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना आपल्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो, तेवढ्यापुरता कोटा शिल्लक हवा. फुकट ओटीटीचं म्हणाल तर आमच्या घरी बाबा आधीच पैसे भरून ते घेतात, त्यामुळे दुसऱ्यांदा फुकट मिळालं तरी हिशोबात शून्य.

राहिली ती खरी भीती, दोन हजार अडकण्याची. व्याजाचा विचार केला तर ती फारशी नाही. वर्षभरात सरासरी हजारेक रुपये कंपनीकडे पडून राहतात, बँकेत ठेवले असते तर फार तर साठ-सत्तर रुपये मिळाले असते. उलट दर वाढले तर वर्षाचा प्लॅन वाचवतो. ३ जुलै २०२४ पासून जिओ-एअरटेलचे नवे दर लागू झाले, पण त्याआधी वर्षाचं मारून बसलेल्यांना पुढच्या रिचार्जपर्यंत झळ लागली नाही. भीती आहे ती रेंजची. नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा झाला तर १९०० वर PORT लिहून, एक जागा सोडून आपला नंबर पाठवला की कोड येतो, त्याच सर्कलमध्ये तीन कामकाजाच्या दिवसांत काम होतं. इथवर सोपं आहे. पण उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळत नाहीत. जूनमध्ये वर्षाचं मारलं, ऑक्टोबरमध्ये टॉवर बिघडला आणि तुम्ही वैतागून निघालात, तर आठ महिने बुडाले.

म्हणून आम्ही लगेच वर्षाचं मारलं नाही. आईचं २९९ अजून अकरा दिवस बाकी होतं, आणि तेवढ्यात मामा गावी जाणार होता. त्याच्याकडे त्याच कंपनीचं सिम आहे. त्याला सांगितलं, माजघरात बसून कॉल लाव आणि अंगणात बसून लाव, दोन्हीकडे व्हिडिओ चालतो का बघ. माजघरात दोन काड्या, पण कॉल तुटला नाही. मागच्या खोलीत मात्र काहीच नाही. "मागच्या खोलीत मी कशाला जाते," आई म्हणाली. पास.

ॲपवर पैसे भरायच्या आधी एक गोष्ट तपासली, नवा प्लॅन आजपासून सुरू होणार की जुना संपल्यावर रांगेत लागणार. लगेच सुरू होणारा असता तर आईचे उरलेले दिवस गेले असते. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सुरू होण्याची तारीख होती, ती वाचून मगच भरले. गणपतीच्या आदल्या दिवसाची नोंद फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली: डेटा पॅक, ३० दिवसांचा.

हे सगळं बघून बाबा म्हणाले, "मग माझंही वर्षाचंच टाक." त्यांच्या फोनचं तेच पान उघडलं. मार्चमध्ये १७, एप्रिलमध्ये १९, मेमध्ये २१. ते दिवसभर दुकानात असतात, तिथे वायफाय नाही, आणि गिऱ्हाईक नसलं की जुन्या मॅचेस चालू असतात. तेराची रेषा त्यांनी कधीच ओलांडलीय. बाबांचं २९९ चालू आहे, आणि आता दर अठ्ठावीस दिवसांनी फोन त्यांचा येतो.